कलम अकरा आणि पंधरा दिवस

एका जागी बसणं मला जन्मात कधी जमलं नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पुढे नर्सिंग शिकले तेव्हा ती भिंगरी उपयोगी पडली, कारण वॉर्डात उभं राहणाऱ्या बाईला कुणी नावं ठेवत नाही. पण त्या पावसाळ्यातल्या पंधरा दिवसांत मी ज्या येरझाऱ्या घातल्या त्या कुणाच्याही उपयोगाच्या नव्हत्या. मी फाटकापर्यंत जायची, रस्त्याकडे बघायची आणि परत यायची, बस्स.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. लोणावळ्याला तुंगार्लीच्या अंगाला क्षयाच्या रोग्यांसाठी एक लहानसं आरोग्यधाम होतं, तिथे मी मेट्रन होते. चाळीस खाटा, एक डॉक्टर, सहा नर्सा आणि मुंबईत बसून पत्रं लिहिणारे ट्रस्टचे सेक्रेटरी. या सगळ्यांत माझं खरं राज्य कुठलं विचाराल तर कपड्यांची खोली. चादरी, अभ्रे, रुमाल, रोग्यांचे सदरे, सगळं आधी जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवून, मोजून, गाठोडी बांधून धुवायला जायचं आणि मंगळवारी अन् शुक्रवारी दुपारी बाराच्या आत उकळून, वाळवून, इस्त्री करून परत यायचं. निदान करारात तसं लिहिलेलं होतं.

हे काम कुणी घेत नव्हतं. क्षय म्हटलं की गावातले परीट हात जोडायचे. शेवटी कुसगावचे एक लाकूड-कोळशाचे व्यापारी पुढे आले. मुसलमान गृहस्थ, साठीच्या घरातले, मेंदी लावलेली दाढी, बोलणं अस्सल मावळी. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी दोन परीट कुटुंबांना समजावलं, आपल्या वखारीमागे भट्टी घालून दिली आणि दोन वर्षांचा करार केला. पावसाळ्यात लोणावळ्याला कपडा वाळत नाही, भिंतींनासुद्धा शेवाळ येतं. म्हणून त्यांनी वडगावला एक मोठी पडवी भाड्याने घेतली होती. तिकडे पाऊस निम्म्याने कमी. ओले कपडे आगगाडीने वडगावला जायचे, वाळून, इस्त्री होऊन सकाळच्या गाडीने परत यायचे आणि स्टेशनवरून बैलगाडीत आमच्याकडे. युक्ती चांगली होती, पण चाचांना वेळेचं वावडं होतं. कधी लग्नसराई, कधी जत्रा, कधी गाडी चुकली. मंगळवारचे कपडे बुधवारी, शुक्रवारचे शनिवारी.

मी त्यांना फैलावर घ्यायची. ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, नर्सांसाठी आणलेली करवंदं टेबलावर ठेवायचे आणि जायचे. असं वर्ष गेलं.

आता माझी चूक सांगते. कपडे आले की वहीत तारीख, वेळ आणि नग लिहायचे असा नियम होता. मंगळवार आणि शुक्रवार म्हणजे माझे सगळ्यांत धावपळीचे दिवस, त्यामुळे सकाळीच मी त्या दिवसाची ओळ लिहून टाकायची: ‘आले, अकरा वाजता.’ नग तेवढे मागाहून भरायचे. कपडे दुसऱ्या दिवशी आले तरी ती ओळ तशीच राहायची, कारण सेक्रेटरींना वहीत खाडाखोड अजिबात खपायची नाही. एकदा एका नर्सच्या खाडाखोडीवर त्यांनी दोन पानी पत्र पाठवलं होतं. शिवाय मनात कुठेतरी असंही होतं की म्हाताऱ्याचं नाव कशाला खराब करा, आणून तर देतो ना. दयाळूपणा आणि आळस यांची अशी भेसळ माझ्यात झाली होती की त्यातलं काय किती, ते मलाही सांगता येणार नाही.

आषाढ लागला आणि एका शनिवारी सकाळी डॉक्टर फेरीला निघाले. तिसऱ्या खोलीत एक एकोणीस वर्षांची मुलगी होती. सकाळी तिला खोकल्यातून रक्त पडलं होतं, चादर काढावी लागली आणि बदलायला दुसरी नव्हती. शुक्रवारचे कपडे आलेच नव्हते. नर्सने त्या मुलीचीच एक साडी घडी करून गादीवर घातली होती. ती मुलगी आमची बाजू सावरत म्हणाली, “मला काही टोचत नाही, डॉक्टर.” खोलीबाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, “मेट्रनबाई, करार कपाटात ठेवायला केलाय का?”

डॉक्टर मितभाषी आणि नेमके. त्यांनी करारनामा काढला आणि अकरावं कलम मला मोठ्याने वाचायला लावलं. एका महिन्यात तीनदा उशीर झाला तर त्या तीन वेळा नमूद करून लेखी नोटीस द्यायची. नोटीस हातात पडल्यापासून पंधरा दिवस सुधारायची मुदत. त्या मुदतीत पुन्हा एकदा जरी उशीर झाला, तर मुदत सरल्यावर दुसऱ्या लेखी नोटिशीने करार संपवण्याचा अधिकार आरोग्यधामाला राहील. “सोमवारी वडगावला वकिलांकडे जा,” डॉक्टर म्हणाले, “आणि वही घेऊन जा.”

वही मी फडक्यात गुंडाळून घेतली.

वडगावचे वकील कोर्टासमोरच एका माडीवर बसायचे. त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि पान उलटत गेले. माझा पाय टेबलाखाली हलत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. “बाई, यात उशीर कुठाय? वर्षभर दर मंगळवारी, दर शुक्रवारी, बरोबर अकरा वाजता. असा धोबी मला कुठे मिळेल?”

मग सगळं सांगावं लागलं. सांगताना मी उभी राहिले होते हे मला नंतर कळलं. वकील रागावले नाहीत, हसलेही नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “या वहीवर नोटीस उभी राहत नाही. आणि वही खरी असती तरी, उशिरा आलेला माल तुम्ही वर्षभर एक अक्षर न लिहिता घेतलात. वेळेचा आग्रह तुम्हीच सोडलात असा त्याचा अर्थ होतो. आता आधी त्यांना पत्र द्या, की येत्या मंगळवारपासून वेळ काटेकोर पाळावी लागेल, मागची सवलत संपली. त्यानंतर जे घडेल तेवढंच मोजायचं. आणि वहीत घड्याळ बघून लिहायचं, आधी नाही.”

परतीच्या गाडीत मी दारापाशी उभीच राहिले. डॉक्टरांना सांगताना मान खाली गेली. ते एवढंच म्हणाले, “खरं बोललात, बरं केलंत. आता खरं लिहा.”

पत्र इंग्रजीत होतं, चार ओळींचं. मीच ते चाचांच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. “बाई, काय लिवलंय यात?”

त्या क्षणी मी नीट सांगायला हवं होतं. वहीत आता खऱ्या वेळा पडणार, तीनदा चुकलात तर नोटीस येईल, हे सगळं. पण तसं सांगायचं म्हणजे वर्षभर मी खोटं लिहिलं हेही सांगायचं, आणि वकिलाच्या माडीवरची शरम अजून ओली होती. मी म्हटलं, “वेळेवर आणत जा म्हणून लिहिलंय. नेहमीचंच.”

“मंग बरं,” ते म्हणाले, आणि कागद टोपीत खोचून गेले. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते.

नेमकी लावणी तोंडावर आली होती. मावळात भातलावणी म्हणजे कोण कुणाचं ऐकत नाही. इर्जिक घालतात, आज सगळे मिळून एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या, मजुरी नाही, दुपारचं जेवण तेवढं. चाचांच्या परिटांना ज्या घरांतून वर्षाचं बलुतं मिळायचं त्यांच्या इर्जिकीला नाही म्हणायची सोय नव्हती. भट्टी थंड पडली. पहिल्या मंगळवारी कपडे संध्याकाळी आले. मी घड्याळ बघितलं आणि लिहिलं: पाच वाजून वीस मिनिटे. शुक्रवारचे वेळेवर आले. पुढच्या मंगळवारचे बुधवारी सकाळी, त्या शुक्रवारचे शनिवारी. तीन झाले. प्रत्येक वेळी लिहिताना चाचा समोरच उभे असायचे, मी काय लिहिते हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

नोटीस वकिलांनीच तयार केली. तीन तारखा, तीन वेळा, अकरावं कलम, पंधरा दिवस. डॉक्टरांनी गुरुवारी सही केली आणि चाचांना ऑफिसात बोलावून स्वतः मराठीत वाचून दाखवली. चाचा उभ्याने ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“ह्या येळा कुणी लिवल्या?”

“मी,” मी म्हटलं.

“आन् आदीच्या?”

“आधीच्या चुकीच्या लिहिल्या होत्या, चाचा. चूक माझी.”

“तुमी म्हनालात, नेहमीचंच. म्या बी नेहमीचंच धरलं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला मात्र कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. त्यांनी पोच म्हणून मोडीत सही केली, तारीख घातली आणि डॉक्टरांना विचारलं, “पंदरा दिस कवापासनं?”

“आजचा दिवस सोडून. उद्या पहिला, आणि पंधरावा दिवस पुढच्या-पुढच्या शुक्रवारी. तेवढ्यात पाच खेपा आहेत. पाचही बाराच्या आत, स्वच्छ आणि कोरड्या. मग ही नोटीस निकालात.”

“आनतो,” चाचा म्हणाले.

तेव्हापासून माझी भिंगरी सुरू झाली. नोटिशीत मी लिहिलेल्या वेळा होत्या आणि माझी अर्धी चूक होती. ती चाचांनी धुऊन काढावी असं मला मनापासून वाटत होतं. आणि तिसऱ्या खोलीतली मुलगी समोर आली की वाटायचं, या माणसाच्या भरवशावर अजून अख्खा श्रावण-भादवा काढायचा? दोन्ही खरं होतं, म्हणून मला चैन नव्हतं. नर्सांवर उगाच ओरडायचे. डॉक्टरांच्या घड्याळाशी माझं घड्याळ दिवसातून दोनदा जुळवायचे. एका नर्सने विचारलंच, “बाई, तुम्हाला कपड्यांची वाट बघायची की चाचांची?” मी तिला औषधांच्या बाटल्या धुवायला लावल्या.

पहिल्या शुक्रवारी साडेदहालाच बैलगाडी फाटकात. चाचा स्वतः गाडीवर. परीट लावणीला गेले तर त्यांनी आपले दोन्ही मुलगे आणि बायको भट्टीवर लावली होती, असं गाडीवानाने सांगितलं. स्वतः वडगावच्या पडवीत राहून वाळवण सांभाळायचे. मंगळवारी पावणेअकरा. दुसऱ्या शुक्रवारी अकरा. या माणसाला वेळेवर आणता येत होतं. आधी का नाही आणलं, हा प्रश्न मी त्यांना विचारू शकत नव्हते, कारण त्याचं उत्तर माझ्या वहीत होतं.

चौथी खेप मंगळवारची, बारावा दिवस. पाऊस चार दिवस खळला नव्हता, वडगावलाही लागून राहिला होता. पावणेबाराला गाडी आली. मी गाठोडं सोडलं आणि हात घातला. वरच्या चादरी ठीक होत्या, खालच्या दमट. इस्त्रीची वाफ नव्हे, चांगला ओलावा. वीस-बावीस चादरी.

मी चाचांवर बरसले. छातीच्या रोग्याला दमट चादर म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का. घड्याळ गाठायला ओले कपडे आणून टाकलेत, त्यापेक्षा न आणलेले परवडले. हे वाक्य माझं. जसंच्या तसं आठवतं. त्यांनी ओल्या चादरी बाजूला काढायला मदत केली आणि खालच्या आवाजात म्हणाले, “पुन्यांदा न्हाई व्हनार, बाई.” त्या चादरी आम्ही स्वयंपाकघरात चुलीजवळ दोऱ्या बांधून वाळवल्या. वेळ मी खरी लिहिली, पावणेबारा, आणि शेरा: ‘काही दमट.’ डॉक्टर म्हणाले, “ही उशिरात मोजायची नाही, वेळेवर आलीय.” मला बरं वाटलं.

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, मी सकाळपासून काहीच धड केलं नाही. अकरा वाजले. साडेअकरा. पाऊस उघडला होता, रस्ता लांबपर्यंत दिसत होता आणि त्यावर कुणी नव्हतं. पावणेबाराला मी फाटकाबाहेर जाऊन वळणापर्यंत चालत गेले, जणू मी चालले तर गाडी लवकर येणार होती. बारा वाजले तेव्हा मी वळणावर होते. स्वयंपाकघराच्या बाजूने जेवणाची घंटा ऐकू आली.

बारा चाळीसला गाडी आली. चाचा उतरले. गाठोडं सोडून मी हात घातला. वरची चादर, खालची, मधली, तळाची. एकेक अभ्रा गालाला लावून पाहिला. सगळं खडखडीत कोरडं होतं, तळच्या चादरी अजून कोमट होत्या.

“सकाळच्या गाडीला निम्मी ओलीच व्हती,” चाचा म्हणाले. “घरातल्या समद्या शेगड्या पडवीत लावल्या. वाळली, मग फुडच्या गाडीनं आलो.”

मी वही उघडली. आसपास कुणी नव्हतं. डॉक्टर फेरीवर होते, गाडीवान बैलांना पाणी पाजत होता. अकरा वाजून पन्नास मिनिटं लिहिली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. आणि यावेळी ते खोटं मला खऱ्यापेक्षा न्यायाचं वाटत होतं, हे कबूल करते. लेखणी तशीच धरून मी बराच वेळ उभी होते. मग लिहिलं: बारा वाजून चाळीस मिनिटे. पुढे शेऱ्यात लिहिलं: ‘सर्व कोरडे.’

वही मी डॉक्टरांपुढे ठेवली आणि मंगळवारपासूनच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, ‘न आणलेले परवडले’ हे माझं वाक्यही. त्यांनी करारनामा परत काढला. “बाई, कलम म्हणतं, करार संपवण्याचा अधिकार राहील. संपवलाच पाहिजे असं म्हणत नाही. रोगी तुमच्या हातात आहेत. पुण्याची एक वाफेवरची लाँड्री काम घ्यायला तयार आहे, मी पत्र लिहून विचारून ठेवलंय. आता तुम्ही सांगाल तसं.”

मी खिडकीशी गेले, परत आले. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, ते मला ओळखत होते. चाचांची सोडून बाकी सगळी माणसं या रोगाला भ्यायली होती, हे मला माहीत होतं. भट्टीवर त्यांची बायको उभी होती, हेही. पण पावसाचे दोन महिने पुढे होते, पाच खेपांत घरचं सगळं मनुष्यबळ लावूनही एकदा ओलं आणि एकदा उशिरा, आणि तिसऱ्या खोलीत त्या आठवड्यात दोनदा चादर बदलावी लागली होती.

“संपवा,” मी म्हटलं. “पण नोटीस मी घेऊन जाईन. आणि मराठीत लिहून.”

दुसरी नोटीस शनिवारच्या तारखेची. पहिल्या नोटिशीचा उल्लेख, मुदतीतल्या शुक्रवारचा उशीर, कलम अकरा. करार सात दिवसांनी संपेल, हातातले कपडे तोवर धुऊन परत द्यावेत, झालेल्या कामाचा मोबदला रीतसर मिळेल. मी ती स्वतःच्या अक्षरात मराठीत उतरवली, डॉक्टरांनी इंग्रजी-मराठी दोन्ही प्रतींवर सही केली.

कुसगावला मी चालतच गेले. चाचा वखारीत होते. त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. तिचे हात सोड्याने फुटले होते. मी सगळी नोटीस सावकाश वाचली, एकही शब्द गाळला नाही, एकही मऊ केला नाही. चाचांनी अखेरपर्यंत ऐकलं.

“ह्यो निकाल डाक्टरांचा का तुमचा?”

“माझा.”

त्यांनी मान हलवली. बायको दारात थांबली होती, तिला त्यांनी आत जायला सांगितलं नाही. “मंग एक सांगा, बाई. शुक्रवारी म्या सकाळच्या गाडीनं वली आनली असती तर येळ गाठली असती. करार ऱ्हायला असता. व्हय ना?”

“हो.”

“म्या कोरडी आनली. त्या पोरीला कोरडी पायजे का बारा वाजताची?”

“दोन्ही, चाचा,” मी म्हटलं.

चाचा म्हणाले, “व्हय. दोनी पायजेत तिला.” लेखणी मागून घेतली आणि नोटीस पोचली म्हणून सही केली. तारीख घातली, वेळही घातली. मी उठले तेव्हा माझा चहा तसाच होता आणि त्यांची बायको मला म्हणाली, “त्यो पिऊन जावा, बाई.” मी उभ्यानेच प्यायले. थंड झाला होता, पण टाकून यायची माझी हिंमत झाली नाही.